सी नंबरची बस

19 नोव्हेंबर 2011. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं ऑर्लँडो शहर. फुटबॉलचा मोठा सामना संपला होता, वाजवणारी मुलं दमली होती, आणि फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या बँडच्या बसगाड्या हॉटेलच्या वाहनतळावर उभ्या होत्या. त्यातली एक ‘बस सी’. रात्री त्या अंधाऱ्या बसच्या पुढच्या दारातून रॉबर्ट चॅम्पियन नावाचा 26 वर्षांचा तरुण आत शिरला. त्याला फक्त बसच्या मागच्या टोकापर्यंत चालत जायचं होतं. मधल्या अरुंद वाटेत दोन्ही बाजूंनी त्याचेच सहकारी उभे होते. त्यांच्या हातात ड्रमच्या काठ्या होत्या, काहींच्या नुसत्याच मुठी. तो पुढे सरकत होता आणि ते मारत होते. याला तिथं ‘बस सी ओलांडणं’ म्हणत. चॅम्पियननं बस ओलांडली. थोड्या वेळानं त्याला उलटी झाली, तो कोसळला आणि त्याच रात्री गेला.

नव्या मुलाला संघात घेताना त्याच्याकडून काहीतरी अपमानाचं, त्रासाचं किंवा जोखमीचं करून घेणं याला तिकडे ‘हेझिंग’ म्हणतात. आपण रॅगिंग म्हणतो. दोन्हींत थोडा फरक आहे. आपल्याकडे रॅगिंग म्हटलं की वसतिगृह आणि पहिलं वर्ष डोळ्यांसमोर येतं. हेझिंग मात्र कुठल्याही टप्प्यावर, संघातल्या मुरलेल्या माणसाच्याही वाट्याला येऊ शकतं. चॅम्पियन काही नवखा पोरगा नव्हता. तो त्या बँडचा ड्रम मेजर होता, म्हणजे हातात दंड घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारा. पुढच्या वर्षी मुख्य ड्रम मेजर होणाऱ्यांत त्याचं नाव होतं.

आणि तो बँडही ऐरागैरा नव्हता. ‘मार्चिंग 100’ हे त्याचं नाव. 1989 साली फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा पॅरिसच्या संचलनात अमेरिकेतून हाच बँड गेला होता. गुडघा कंबरेपर्यंत उचलत, शेकडो पावलं एका ठेक्यात टाकत, वाजवत चालायचं; त्यासाठी उन्हात तासन्‌तास सराव. एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आपल्या ढोल-ताशा पथकात कंबरेला ढोल बांधून महिनोन्‌महिने सराव केलेल्या कोणालाही हा घाम ओळखीचा वाटेल.

म्हणजे त्या एकाच बँडमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि दोन्हींना मुलं एकाच शब्दानं ओळखत होती: परंपरा. मला ही घटना महत्त्वाची वाटते ती यासाठी. सराव कष्टाचा होता, दुखवणारा होता. बस सीसुद्धा दुखवणारी होती. तेव्हा नुसतं ‘दुखतं का’ एवढं विचारून दोन्हींतला फरक कळत नाही.

आधी त्या रात्री शरीरात काय घडलं ते पाहू, कारण ‘एकेक चापट तर मारली’ हा बचाव सगळीकडे सारखाच असतो. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण निघालं ते अंगभर झालेल्या मारामुळे मऊ ऊतींत झालेला रक्तस्राव आणि त्यातून आलेला शॉक. एका फटक्यानं तो मेला नाही. पाठ, छाती, दंड, खांदे अशा कितीतरी जागी कातडीखालच्या स्नायूंत आणि चरबीत थोडं थोडं रक्त झिरपत गेलं. बाहेर थेंबही दिसत नाही, पण अभिसरणातलं रक्त कमी होत जातं आणि हृदयाला पुरवठा करायला काही उरत नाही. मारणाऱ्या प्रत्येकाला वाटत असतं की मी काय, दोनच ठोसे लावले. बेरीज कोणीच करत नाही. ती शरीर करतं.

अशा मारानंतर किंवा शेकडो बैठका काढायला लावल्यानंतर आणखी एक धोका असतो. चिरडलेल्या किंवा अतिश्रमानं तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. मुलाची लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, तर झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नये; थेट रुग्णालय गाठावं आणि डॉक्टरांना खरं काय झालं ते सांगावं. याच बँडमधल्या एका वादकाच्या मूत्रपिंडांना 2001 साली अशाच मारहाणीत इजा झाली होती. चॅम्पियनच्या मृत्यूच्या तीन आठवडे आधी एका वादक मुलीचं मांडीचं हाड मोडलं होतं. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नव्हती.

खटल्यात बचाव पक्षाचा मोठा मुद्दा होता की चॅम्पियन स्वतःहून बसमध्ये चढला. ते खोटं नव्हतं. त्याला कोणी फरफटत नेलं नव्हतं. आपल्या आधी दोघांनी काय सोसलं हेही त्याला ठाऊक होतं. त्याच्या ओळखीचे सांगत की त्याला हा प्रकार आवडत नव्हता. बस ओलांडायला त्यानं बराच काळ नकार दिला होता. पण ड्रम मेजर असूनही ज्यानं बस ओलांडली नाही, त्याचा हुकूम मनापासून कोण मानणार? ज्या गोष्टीशिवाय हक्काचा मान मिळत नाही तिला दिलेला होकार, हा कसला होकार? फ्लोरिडाच्या कायद्यानं हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता. तिथं 2005 च्या कायद्यानुसार पीडिताची संमती हा बचाव होऊच शकत नाही. खेळाच्या स्पर्धांना त्या कायद्यात सूट आहे, म्हणून बस ओलांडणं ही एक स्पर्धाच होती असंही सांगून पाहिलं गेलं. ते टिकलं नाही. ‘बस सीचा अध्यक्ष’ म्हणवणाऱ्या विद्यार्थ्याला 2015 च्या जानेवारीत सहा वर्षांहून अधिक कैद झाली. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं, आणि 2013 पर्यंत बँड बंद राहिला.

‘अध्यक्ष’ हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. बसला अध्यक्ष होता, नियम होते, ओलांडण्याच्या रीती ठरलेल्या होत्या. फक्त विद्यापीठाच्या कुठल्याही कागदावर यातलं काही नव्हतं.

आता आपल्या तालमीकडे या. नव्या पोराला पहिल्या दिवशी कुस्ती लढायला मिळत नाही. हौदा उकरायचा, माती भुसभुशीत करायची, ताक, तेल, हळद घातलेली ती माती कालवायची, मग जोर-बैठका. हातांना फोड येतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा छळच वाटेल. पण उकरलेल्या मातीत पडलं तर लागत नाही, हे त्या पोराला चार दिवसांत स्वतःच्या पाठीला कळतं. शिवाय मुरलेला पैलवानही फावडं हातात घेतो, आणि हे सगळं वस्तादांच्या डोळ्यांदेखत, उघड्या दारात चालतं. उद्या पोराचा बाप तालमीत येऊन बसला तरी काही लपवावं लागत नाही.

पण त्याच तालमीत नवा पोरगा थोरल्याचे लंगोट धुतो, त्याची मालिश करतो, तेव्हा मला तितकं ठामपणे बोलता येत नाही. मालिश हा कुस्तीतला खरा भाग आहे. पोरं एकमेकांची मालिश करतात आणि त्यातून अंग कळतं. प्रश्न इतकाच, की थोरला कधी धाकट्याची मालिश करतो का? आणि दुखणाऱ्या मनगटाचं कारण सांगून पोरगा ‘आज नको’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याला लढत मिळते का? जिथं सेवा एकाच दिशेनं वाहते आणि नाही म्हणण्याची किंमत सरावातून वसूल होते, तिथं तालीम हळूहळू बस सीच्या वाटेला लागलेली असते. क्रिकेटच्या कसोटी संघात पदार्पण करणाऱ्याला भर मैदानात, सगळ्यांसमोर टोपी देतात. तोही प्रवेशविधीच आहे, पण त्यात नव्याकडून काही काढून घेतलं जात नाही, त्याला काहीतरी दिलं जातं.

जुनी मुलं मात्र शपथेवर सांगतात की ‘आमच्याशीही झालं, त्यानंच आम्ही घडलो’. ती खोटं बोलत नसतात. 1959 साली इलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात घेताना आधी लाजिरवाणं वाचन मोठ्यानं करायला लावलं, काहींना सौम्य, तर काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना एकच, मुद्दाम रटाळ केलेली चर्चा ऐकवली. जास्त लाज सोसलेल्यांना ती चर्चा जास्त चांगली वाटली. सोसलेलं वाया गेलं असं मानणं जड जातं, म्हणून मन त्याची किंमत वाढवतं. म्हणून जुन्याची साक्ष त्याच्या मनाबद्दल बरंच सांगते. त्यानं संघ चांगला वाजवू लागला का, याबद्दल काहीच नाही.

माझ्या वसतिगृहात आम्हाला ‘इंट्रो’ द्यावा लागे. नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, हात बाजूला, आणि प्रत्येक वाक्यात ‘सर’. कोणी बोट लावलं नाही. मी कित्येक वर्षं ते हसत हसत सांगत आलो, म्हणजे अ‍ॅरन्सनच्या विद्यार्थिनींसारखाच. मग 2024 च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातच्या पाटण जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाची बातमी आली. पहिल्या वर्षाच्या मुलांना रात्री ‘ओळखी’साठी सुमारे तीन तास उभं केलं होतं, आणि त्यातला 18 वर्षांचा एक मुलगा कोसळून मेला. पोलिसांनी 15 सीनियरांवर गुन्हा दाखल केला. तो मुलगाही माझ्यासारखा नुसता ‘इंट्रो’च देत होता.

महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा 1999 चा आहे, आणि त्याची व्याख्या वाचताना मला ते तिसरं बटण आठवलं. मारहाण तर त्यात आहेच. पण भीती, शरम किंवा अवघडलेपण वाटायला लावणारं वागणंही आहे, आणि एरवी विद्यार्थी आपणहून जे करणार नाही ते करायला सांगणंही. दोषीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. टाळाटाळ केली तर त्याच्यावरही गुन्ह्याला साथ दिल्याचा ठपका येतो. प्राचार्य ‘मुलं आहेत, आपसांत मिटवा’ म्हणाले तर हे कलम पालकांच्या हाताशी असू द्यावं. म्हणूनच तक्रार तोंडी न करता लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. सात दिवस मोजायला तारीख लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाची 1800-180-5522 ही विनाशुल्क हेल्पलाइनही आहे. खाजगी अकादमीपर्यंत किंवा एखाद्या पथकापर्यंत आयोगाच्या नियमांचा हात पोचत नाही. तिथं नेहमीचा फौजदारी कायदा आणि संघाच्या प्रमुखाला विचारलेले सरळ प्रश्न, एवढंच हाताशी राहतं.

अशा प्रमुखाला ‘तुमच्याकडे रॅगिंग होतं का?’ असं विचारून उपयोग नसतो. उत्तर ‘छे, अजिबात नाही’ हेच येणार. त्यापेक्षा नव्या मुलांची पहिली रात्र कशी जाते, बाहेरगावच्या सामन्याला कोण कोणाबरोबर झोपतं, परतीच्या गाडीत मोठं माणूस कुठं बसतं, हे विचारावं. चॅम्पियनच्या रात्री सराव संपला होता, सामना संपला होता, आणि बस सीमध्ये एकही शिक्षक नव्हता.