खडा टाकायचा, पण लिहून

राजगडाच्या ट्रेकहून आल्यावर ग्रुपवर एका मुलीने फोटो टाकला. पद्मावती माचीवर कुणाची तरी स्टीलची बाटली राहिली होती, ती तिने पिशवीत घालून आणली होती. खाली एकच शब्द : 'कुणाची?' बाटली माझ्या मित्राची. दिवसभर तो तिच्यापासून दहा पावलांवर चालला आणि तिच्याशी चकार शब्द बोलला नाही. सुवेळा माचीच्या नेढ्यात सगळे वारा खात बसले असताना तिने त्याचं नाव विचारलं, तर हा पठ्ठ्या बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याचं नाव 'क'ने सुरू होतं आणि 'क' त्याला येत नाही. म्हणजे येतो, पण कधी येईल याचा नेम नाही.

मोठ्या माणसांत शंभरातला साधारण एक जण तोतरा बोलतो. बायकांपेक्षा पुरुषांत हे प्रमाण जवळजवळ चौपट आहे. कधी अक्षर पुन्हा पुन्हा येतं, कधी ताणलं जातं, तर कधी तोंड उघडं आणि आवाजच बंद. माझ्या मित्राचं हे तिसरं. काय बोलायचंय ते डोक्यात स्वच्छ असतं, फक्त वाट बंद असते. गंमत म्हणजे हाच माणूस गाणं म्हणताना किंवा कुत्र्याशी बोलताना अडखळत नाही. समोर उत्तराची वाट पाहणारं माणूस आलं की गाडी अडते. आणि नाव विचारलं की हमखास, कारण इतर शब्दांना पर्याय असतो, स्वतःच्या नावाला नसतो.

इतर शब्द मात्र तो सर्रास बदलतो. कॉफी आवडते, पण हॉटेलात चहा मागतो. 'कंटाळा आला' असं न म्हणता 'वैताग आलाय' म्हणतो. वाक्य अर्ध्यावर असताना पुढचा खड्डा दिसतो आणि तो शब्दाला वळसा घालतो. लहानपणापासून हे केल्यामुळे त्याच्याकडे शब्दांचा साठा असा आहे की आम्हा लिहिणाऱ्यांना हेवा वाटावा. तो साठा बोलण्यात खर्ची पडतो तो निव्वळ लपण्यासाठी. लिहिताना मात्र तो हवा तसा वापरता येतो.

त्याने तिला वेगळा मेसेज केला : 'बाटली माझी. आगाऊ आहे, सांभाळून घ्या.'

अर्ध्या तासाने उत्तर : 'रुळलीये इकडे. परत जायचं म्हणत नाही.'

'तिला विचारा, मालकाचं काय चुकलं.'

'म्हणते, मालक बोलत नाही.'

इथे मी असतो तर घाम फुटला असता. त्याने दहा मिनिटं घेतली आणि लिहिलं : 'लिहितो मात्र बरा, असं सांगून बघा.'

हे नीट पाहण्यासारखं आहे. चेष्टामस्करीत अर्धी मजा वेळ साधण्यात असते. बोलताना ऐन विनोदाच्या शब्दावर तो अडकतो, ऐकणाऱ्याचा चेहरा काळजीचा होतो आणि विनोद मरतो. मेसेजमध्ये ती वेळ त्याच्या हातात असते. शिवाय त्याने तिचंच वाक्य उचलून पुढे नेलं. तिच्या फोटोची स्तुती नाही, 'जेवलीस का' नाही, चार ओळींचं गद्यही नाही. तिने एक ओळ टाकली की याचीही एक. आणि बाटली हे दोघांचं खासगी पात्र झालं. असं पात्र लाभलं की जपायचं, रोज दारात उभं करायचं नाही. आठवड्यात दोनदा पुरे.

मराठीत तर लिहिणाऱ्याला आणखी एक सोय आहे. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचा क्षण. बोलताना तो उरकून टाकावा लागतो. लिहिताना आठवडाभर कर्ता गाळून काढता येतो : 'पोचणं झालं का?', 'पुढच्या रविवारी तोरण्याचा बेत आहे म्हणे.' मग एका रात्री तिचंच 'तू झोपला नाहीस अजून?' येतं. माझ्या मित्राला 'त'ही छळतो, त्यामुळे 'तू' आणि 'तुम्ही' तोंडाने दोन्ही सारखेच अवघड. लिहिताना त्याने तो 'तू' अगदी चवीने वाचला.

आता अडचणीचा भाग. तीन आठवड्यांनी तिने फोन केला. त्याने कापला आणि लिहिलं, 'मीटिंगमध्ये आहे.' रविवार होता, रात्रीचे दहा वाजले होते. असं तीनदा झालं. तिने सरळ विचारलं, 'लग्न झालंय का तुझं?'

जोसेफ वॉल्थर या अमेरिकी संवाद-अभ्यासकाने 1996मध्ये दाखवून दिलं होतं की नुसत्या लेखी संवादात माणसं एकमेकांना प्रत्यक्षापेक्षा सरस भासतात. लिहिणारा निवडून दाखवतो आणि वाचणारा मधल्या जागा आपल्या मनाने भरतो. तिनेही त्याचा आवाज मनात भरून टाकला होता, ठाम आणि मिश्कील. आणि कॉफीऐवजी चहा मागायची त्याची जुनी खोड आता मोठ्या मापाने चालली होती : शब्दाऐवजी अख्खा फोनच टाळणं. लिहिणं कधी बिघडलं हे ओळखायची खूण साधी आहे. मेसेज सुचतो म्हणून लिहिलात तर ठीक. फोन येऊ नये म्हणून खोटं लिहिलंत, की तिथे जीभच जिंकली.

सांगायचं ठरलं. त्याचा पहिला खर्डा पानभर, त्यात 'सॉरी' पाच वेळा. माफी मागत सांगितलं की ऐकणाऱ्याला सांत्वन करण्याचं काम लागतं. साधेपणाने, माफीशिवाय सांगितलं तर ऐकणारे बोलणाऱ्याकडे अधिक मोकळेपणी पाहतात, असं या विषयावरच्या संशोधनातही दिसलंय. शेवटी गेला तो मेसेज असा : 'लग्न नाही झालेलं. मी तोतरा बोलतो, फोनवर जास्त. हॅलोनंतर शांतता आली तर फोन कट झालेला नसतो, मी येत असतो. वाक्य मात्र माझं मलाच पुरं करू दे.' शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. तिने काय करायचं ते तिला कळलं. नाहीतर भली माणसं 'श्वास घे', 'सावकाश बोल' असं सांगतात आणि अडखळणं वाढतं.

उत्तर आलं नसतं तर? तर तिथेच थांबायचं, दुसरा मेसेज करायचा नाही. हे कुणालाही लागू आहे.

उत्तर आलं : 'बाटलीला माहीत होतं वाटतं.'

फोनच्या आधी त्याने एक पायरी घातली, व्हॉइस नोटची. तिथे समोर कुणी ताटकळत नसतं. पण सापळाही तिथेच असतो, कारण पुसून पुन्हा रेकॉर्ड करता येतं. त्याने अकरा वेळा केलं आणि अकरावी अगदी आकाशवाणीच्या बातम्यांसारखी झाली. मी म्हटलं, ही पाठवलीस तर आगीतून फुफाट्यात; आता अस्सल आवाजाला या नोटेशी स्पर्धा करावी लागेल. मग एकदाच बोलायचं आणि पाठवायचं असं ठरलं. वीस सेकंदांची नोट गेली, त्यात 'क'वर तीन सेकंदांची शांतता. तिने ती ऐकून स्वतःची नोट पाठवली, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट.

भेटले ते डेक्कनच्या एका हॉटेलात. वेटर आला. मित्राने कॉफी मागायचं ठरवलं होतं, चहा नाही. 'क'वर गाडी थांबली. वेटर पेन रोखून उभा. ती पाच सेकंद गप्प राहिली, मग राहवलं नाही. 'दोन कॉफी,' ती म्हणाली.

वेटर गेला. मित्राने खिशातून फोन काढला, काहीतरी टाइप केलं आणि टेबलापलीकडे तिचा फोन वाजला.

'वाक्य माझं होतं.'

ती वाचून हसली, जीभ चावली आणि वेटरला परत बोलावलं.