इडलीच्या पिठाचं बारसं

वीसेक वर्षांपूर्वी बंगळुरूतल्या किराणा दुकानांत इडली-डोशाचं तयार पीठ साध्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळायचं. पिशवीच्या तोंडाला रबर बँड गुंडाळलेला असायचा. नाव नाही, तारीख नाही. पीठ चांगलं निघालं तर पुढच्या वेळी तेच मागायचं कसं, हे गिऱ्हाइकाला कळत नसे. आंबट निघालं तर तक्रार दुकानदाराकडेच जायची, कारण दुसरा पत्ताच नव्हता. अशाच एका दुकानाचा कारभार पाहणाऱ्या नासर या तरुणाच्या हे लक्षात आलं. त्याने, त्याच्या भावांनी आणि नात्यातल्या पी. सी. मुस्तफा यांनी मिळून २००५ साली पन्नास चौरस फुटांच्या जागेत दोन ग्राइंडर, एक मिक्सर आणि पिशव्या बंद करायचं यंत्र घेऊन धंदा सुरू केला. दिवसाला शंभर पाकिटांपर्यंत पोचायला त्यांना जवळपास नऊ महिने लागले. नाव ठेवलं ‘आयडी’. इडलीचा आय, डोशाचा डी.

हे नाव पहिल्यांदा ऐकताना फारसं काही वाटत नाही. मराठी माणसाला तर आधी ओळखपत्रच आठवतं. पण पिठाच्या पाकिटाला नाव द्यायला बसलेल्या कुणीही या दोन अक्षरांकडे नीट पाहावं. त्यांत इडली आणि डोसा दोन्ही आहेत, आणि तरी ‘इडली’ किंवा ‘डोसा’ हा शब्द कुठेच नाही. पुढे त्याच कंपनीने मलबार पराठा, दही, पनीर, फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन विकायला काढलं, तेव्हा नाव आड आलं नाही. नावात अख्खी इडली असती तर कॉफीच्या पाकिटावर ती विचित्र दिसली असती.

नाव शोधताना जे शब्द सगळ्यांत आधी सुचतात, ते बहुतेक वेळा आपले होऊच शकत नाहीत. ताजं, मऊ, झटपट, घरगुती, इडली, पीठ. माल काय आहे ते हे शब्द अगदी नेमकं सांगतात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याचं नववं कलम म्हणतं की मालाचा प्रकार, दर्जा किंवा उपयोग नुसता सांगणाऱ्या शब्दावर एकाची मालकी नोंदवता येत नाही. शेजारच्या गल्लीतला पीठवालाही आपल्या पिठाला ताजं म्हणणारच आणि त्याला तसं म्हणू द्यायलाच हवं. वर्षानुवर्षं वापरून एखादा शब्द लोकांच्या मनात एकाच उत्पादकाशी जोडला गेला, तर नोंदणीची वाट उघडते. पण ते सिद्ध करायला विक्रीचे, जाहिरातीचे मोठे पुरावे लागतात. पहिलं पाकीट बाजारात आणणाऱ्याकडे ते कुठून असणार?

स्पेलिंग जरा वाकडं केलं की काम होतं, असा एक समज आहे. त्यावर मुंबईच्या मॅरिको कंपनीचा अनुभव वाचण्यासारखा आहे. सफोला तेलासाठी त्यांनी ‘लोसॉर्ब’ हा शब्द नोंदवला होता आणि ‘लो अब्सॉर्ब’ही वापरात होता. पदार्थ तेल कमी पितो, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या कंपनीने सनड्रॉप तेलाच्या पाकिटावर ‘लो अब्सॉर्ब टेक्नॉलॉजी’ असं छापलं, तेव्हा मॅरिको दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१० साली न्यायालयाने मनाई द्यायला नकार दिला. हे शब्द तेलाचा गुण सांगतात, त्यांवर एकाचा हक्क कसा, असा न्यायालयाचा रोख होता. दोन शब्द जोडून, अक्षरं गाळून केलेल्या नावालाही त्यामुळे फारसं बळ मिळालं नाही. ‘इडली’च्या शेवटी दोन ‘ई’ लावून बारसं उरकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

‘ताजं’ या शब्दाची तर वेगळीच गोष्ट आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार ताजं, नैसर्गिक, शुद्ध, पारंपरिक, अस्सल असली विशेषणं ब्रँडच्या नावातच असतील आणि त्यांमुळे गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर ‘हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप नव्हे’ अशा अर्थाची सूचना किमान तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावी लागते. ज्या नावाखाली आपणच असा खुलासा लिहायचा, ते घ्यावंच कशाला?

शिवाय पीठ ही जिवंत वस्तू आहे. तांदूळ आणि उडीद वाटून ठेवले की त्यांतले जिवाणू साखर खातात, आम्ल आणि वायू तयार करतात. फ्रिजमधल्या थंडीत हे काम मंदावतं, थांबत नाही. पहिल्या दोन दिवसांत इडलीला उत्तम असलेलं पीठ चार-पाच दिवसांनी आंबट होतं आणि उत्तप्प्याला शोभतं. दुकानाचा फ्रिज रात्री बंद ठेवला गेला की पाकीट फुगतं. अशा फुगलेल्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘ताजं’ लिहिलेलं असेल तर ते नावच गिऱ्हाइकाला चिडवतं. ‘मऊ’चंही तसंच. इडली मऊ होणं बरंचसं घरच्या वाफेवर आणि पीठ ढवळण्यावर असतं. जे गिऱ्हाइकाच्या गॅसवर ठरतं, त्याचं वचन नावाने देऊ नये.

मग ‘अम्मा’? दक्षिणी जेवण म्हटलं की हा शब्द आपोआप ओठांवर येतो, आणि म्हणूनच तो शेकडो जणांच्या ओठांवर आलेला असतो. चेन्नईत २०१३ साली सुरू झालेल्या सरकारी अम्मा उणवगममध्ये तर एक रुपयाला इडली मिळायची. देवांची, आयांची, नद्यांची नावं मायेची असतात, पण त्यांना कुंपण घालता येत नाही. बंगळुरूतलाच खटला पाहा. कर्नाटक दूध महासंघाचं ‘नंदिनी’ दूध १९८५ पासूनचं, आणि ‘नंदिनी डिलक्स’ हे हॉटेल १९८९ पासूनचं. हॉटेलच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ जास्त. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१८ साली निकाल लागला की नंदिनी हे देवतेचं आणि कामधेनूच्या कन्येचं सर्वपरिचित नाव आहे, दोघांची चिन्हं दिसायला वेगळी आहेत, धंदेही वेगळे आहेत. दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून हॉटेलवाल्याला नाव वापरता येईल. आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच दूध महासंघाने दुधातली प्रथिनं घातलेलं ‘नंदिनी’ इडली-डोसा पीठ बंगळुरूच्या बाजारात आणलं. दोघंही आपापल्या नावानिशी नांदताहेत. मोठ्या महासंघाला हे परवडतं. घरच्या ओट्यावरून धंदा उभा करणाऱ्याला नावासाठी वर्षानुवर्षं भांडणं परवडत नाही.

आता समजा, ठाण्यातलं एक जोडपं रोज चाळीस किलो पीठ वाटतं आणि आजूबाजूच्या सोसायट्यांत, दोन-चार दुकानांत देतं. गिऱ्हाईक म्हणजे सकाळी आठची लोकल पकडणारी मंडळी: मराठी, गुजराती, तमीळ, हिंदी बोलणारी. त्यांच्या यादीत ‘जाळी’ हे नाव आहे. फार देखणं नाव. इडली मोडली की आत जी जाळी दिसते, तीच पीठ नीट आल्याची खूण. मराठी कानाला यात काही खुपत नाही. पण हिंदी बोलणारा ‘ळ’चा ‘ल’ करतो, आणि ‘जाली’ म्हणजे त्याच्या भाषेत बनावट. जाली नोट, तसं जाली पीठ. नाव बाद.

पुढचं ‘रात्रभर’. पीठ रात्रभर आंबतं, सकाळी तयार असतं, कल्पना चांगली. पण आपल्याकडे ‘रात्रीचं’ म्हणजे शिळं. ‘पहिला घाणा’ म्हणावं, तर घाणा आणि घाण यांत एका कान्याचं अंतर, आणि रोमन लिपीत तो देश होऊन बसतो. ‘डोसे’ हा कन्नड उच्चार घेतला तर इंग्रजी अक्षरांत तो औषधाचा डोस दिसतो. मराठीत ‘पीठ’ म्हटल्यावर आणखी एक घोळ आहे: आपण कोरड्या पिठालाही पीठ म्हणतो आणि वाटलेल्या ओल्यालाही. घाईत फोनवर मागवणाऱ्याला पाकिटात पावडर आहे की तयार पीठ, हे पहिल्या नजरेत कळायला हवं.

यादीत शेवटी ‘रुब्बु’ उरतं. कन्नडमध्ये रुब्बु म्हणजे पाणी घालून वाटणं. रुब्बुगुंडू हा दगडी रगडा. दोनच अक्षरं, रोमनमध्ये वाचण्याची एकच पद्धत, हिंदीत वावगा अर्थ नाही, आणि कर्नाटकातल्या आजीला ऐकताच रगड्याची घरघर आठवावी. तो पिठाचं नाव सांगत नाही, पीठ जिथून येतं तिथे बोट दाखवतो. असं बाजूने सुचवणारं नाव कायद्यासमोरही वर्णन करणाऱ्या नावापेक्षा बरं उभं राहतं. तरी लगेच छापखान्यात जायचं नाही. ट्रेड मार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर, पीठ आणि धान्याचे पदार्थ येतात त्या ३० व्या वर्गात ते शोधायचं; नुसतं अक्षरांवरून नाही, उच्चारावरूनही. रूबू, रब्बू, रुबी असं जवळपासचं कुणी पिठात किंवा मसाल्यात आधीच बसलं आहे का ते पाहायचं. मग अर्ज. छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये. तपासणी होऊन नाव नियतकालिकात छापलं की चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी झाली की ती दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

त्या दरम्यान जोडप्याने एक सोपी परीक्षा घ्यावी. सोसायटीतल्या दहा वर्षांच्या मुलाला नाव एकदाच सांगायचं, लिहून द्यायचं नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवायचं. दुकानात मिक्सर चालू असेल, रिक्षा भुरभुरत असेल. मुलाने दुकानदाराला काय सांगितलं आणि दुकानदाराने फ्रिजमधून काय काढलं, ते पाहायचं. मग तेच नाव मराठी, हिंदी आणि तमीळ बोलणाऱ्या तिघांना फोनवर ऐकवून लिहायला लावायचं. तीन वेगळी स्पेलिंग आली तर ॲपवर शोधतानाही तीन वेगळीच येणार.

खरं म्हणजे नवं गिऱ्हाईक ॲपवर ब्रँड शोधतच नाही, ते इडली बॅटर असंच टाइप करतं. म्हणून पाकिटावर दोन नावं दोन कामं करतात. नियमाप्रमाणे पदार्थाचं खरं नाव दर्शनी बाजूला हवंच, आणि पहिल्यांदा मालापर्यंत आणणारं तेच. तिथे लाजायचं कारण नाही: ‘इडली-डोशाचं तयार ओलं पीठ’, ठसठशीत, लांबून वाचता येईल असं. ब्रँडचं नाव दुसऱ्या खेपेसाठी. पहिल्या रविवारी इडल्या फुलल्या, बुधवारी त्याच पिठाचे डोसे झाले, आणि पुढच्या शनिवारी रात्री दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असताना कुणीतरी बाहेरून ओरडतं, “काका, रुब्बु आहे का?”