शिक्षणासाठी परदेशी पाठवलेले पैसे आणि टीसीएस

मुलाची परदेशातील विद्यापीठाची फी भरताना बँक फीइतकीच रक्कम खात्यातून काढत नाही. ठराविक मर्यादेनंतर ती वर आणखी काही पैसे घेते आणि ते पालकाच्या पॅनवर सरकारजमा करते. यालाच टीसीएस म्हणतात. हा वेगळा कर नव्हे. पालकाला त्या वर्षी जो आयकर भरायचाच आहे त्याची ही आगाऊ वसुली असते. कर तितका होत नसेल, तर उरलेली रक्कम परत मिळते. बँकेच्या संदेशात त्याच वेळी बँकेचे शुल्क आणि चलन बदलण्यावरचा जीएसटीही दिसतो. ते पैसे मात्र गेले ते गेले.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली भारतात राहणाऱ्या प्रत्येकाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. एवढी मोठी रक्कम बाहेर जात असताना पाठवणाऱ्याचे नाव आयकर खात्याच्या नोंदीत यावे, म्हणून १ ऑक्टोबर २०२० पासून या योजनेवर टीसीएस लागू झाला. तेव्हा ७ लाखांपर्यंत सूट होती. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख रुपये झाली. त्यावरच्या रकमेला २०२५-२६ या आर्थिक वर्षात शिक्षण आणि वैद्यकीय उपचारांसाठी ५ टक्के, तर इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के दर होता. २०२६च्या अर्थसंकल्पाने शिक्षणाचा आणि उपचारांचा दर २ टक्क्यांवर आणला आणि तो १ एप्रिल २०२६ पासून धरला जातो. पैसे ज्या दिवशी पाठवले त्या दिवसाचा दर लागतो. अभ्यासक्रम कधी सुरू झाला याच्याशी त्याचा संबंध नाही.

१० लाखांची सूट दर वेळी नव्याने मिळत नाही. ती एका पॅनला एका आर्थिक वर्षात एकदाच मिळते आणि सगळ्या बँका, सगळी कारणे मिळून मोजली जाते. एप्रिलमध्ये वडिलांनी परदेशी शेअर घेण्यासाठी ३ लाख पाठवले असतील, तर मुलाच्या फीसाठी ७ लाखांचीच सूट उरते. दुसऱ्या बँकेतून पाठवल्याने हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. म्हणूनच बँक पैसे पाठवण्याआधी ‘या वर्षी याआधी किती पाठवले’ असे प्रतिज्ञापत्र मागते. तिथे चुकीचा आकडा लिहिला तर जबाबदारी बँकेची राहत नाही, लिहून देणाऱ्याची राहते.

नाशिकच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मुलगी ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेली. वडील नोकरदार आणि पैसे बचतीतले. त्यांनी २०२५-२६ मध्ये आपल्या खात्यातून जूनमध्ये प्रवेश निश्चितीचे ४ लाख, ऑगस्टमध्ये फीचे १२ लाख, ऑक्टोबरमध्ये राहण्याखाण्यासाठी ४ लाख आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फीचे उरलेले ८ लाख पाठवले. जूनमध्ये टीसीएस शून्य. ऑगस्टमध्ये एकूण आकडा १६ लाखांवर गेला, म्हणजे मर्यादेच्या वर ६ लाख. त्यांचे ५ टक्के ३० हजार. ऑक्टोबरच्या ४ लाखांवर २० हजार, जानेवारीच्या ८ लाखांवर ४० हजार. वर्षभरात पाठवलेल्या २८ लाखांवर एकूण ९० हजार रुपये टीसीएस गेला. हेच पैसे १ एप्रिल २०२६ नंतर पाठवले असते तर २ टक्क्यांनी ३६ हजार झाले असते.

या हिशेबात सर्वांत घातक जागा ऑक्टोबरची आहे. पैसे पाठवताना बँकेत ए-२ नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यात कारणाचा कोड असतो. मुलाच्या खर्चासाठी पैसे पाठवायचे म्हटल्यावर काउंटरवर किंवा मोबाइलवरच्या यादीत ‘कुटुंबाचा निर्वाह’ हे कारण सहज डोळ्यांपुढे येते आणि तेच निवडले जाते. त्याचा कोड S1301, आणि त्याला मर्यादेवर २० टक्के दर. शिक्षणाचा कोड S0305. त्यात फीबरोबर वसतिगृहाचा खर्चही येतो. ३० जून २०२३ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून हा गोंधळ मिटवला आहे. त्यानुसार शिक्षणासाठीच्या रकमेत शिकायला जाणाऱ्याचे जाण्यायेण्याचे तिकीट, संस्थेची फी आणि शिक्षणासाठी लागणारा रोजचा खर्च या सगळ्यांचा समावेश होतो. कोड चुकला असता, तर नाशिकच्या वडिलांचे ऑक्टोबरमध्ये २० हजारांऐवजी ८० हजार गेले असते. २ टक्के दर आल्यापासून तर शिक्षण आणि निर्वाह यांच्या दरात दहापट अंतर पडले आहे.

जर्मनीला जाणाऱ्यांना हा मुद्दा विशेष लागू पडतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते. त्याऐवजी व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावे ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडून सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात. फी नसल्यामुळे हा शिक्षणाचा खर्च नव्हे, अशी समजूत होते, आणि ती चुकीची आहे. प्रवेशपत्र जोडावे आणि कारण शिक्षणाचेच लिहावे. विद्यार्थ्याच्या फॉरेक्स कार्डात पैसे भरतानाही हेच पाहावे, कारण ती रक्कमही याच योजनेत मोजली जाते. चुकीच्या कोडने जास्त कापलेले पैसे बुडत नाहीत, पण बँकेने ते एकदा सरकारजमा केले की विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकून पडतात.

टीसीएस कमी करण्याचे मुख्य कायदेशीर मार्ग दोन आहेत आणि दोन्ही सरळ आहेत. पहिला शैक्षणिक कर्जाचा. बँकेच्या किंवा कायद्याने मान्य केलेल्या वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस अजिबात लागत नाही, रक्कम कितीही असो. नातेवाइकांकडून घेतलेले उसने पैसे किंवा सोने गहाण ठेवून काढलेले कर्ज यांना ही सवलत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आई आणि वडील यांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर पैसे पाठवणे. दोघांनाही १० लाखांची स्वतंत्र सूट आहे. जानेवारीचे ८ लाख आईने आपल्या बचतीतून पाठवले असते, तर त्यांवर काहीच लागले नसते आणि घराचा एकूण टीसीएस ५० हजारांवर थांबला असता. फी दोन आर्थिक वर्षांत विभागता आली, म्हणजे एक हप्ता मार्चपूर्वी आणि दुसरा एप्रिलनंतर गेला, तरी सूट दोनदा मिळते. पण विद्यापीठाची तारीख चुकवून कुणी हा खेळ करू नये. विलंब शुल्क परत मिळत नाही, टीसीएस मिळतो.

तो कसा मिळतो, हे नाशिकच्याच उदाहरणात पाहता येते. वडिलांचा वार्षिक पगार २२ लाख. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेतल्यावर २०२५-२६ साठी त्यांचा कर उपकरासह २,४०,५०० रुपये होतो, म्हणजे पगारातून दरमहा साधारण २० हजार कापले जातात. पूर्वी पगारातली ही कपात चालूच राहायची आणि टीसीएसचे पैसे वर्षभर अडकायचे. ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदाराला ठरलेल्या अर्जात टीसीएसचा तपशील भरून कार्यालयाला देता येतो आणि कार्यालय तेवढी कपात कमी करते. वडिलांनी ऑक्टोबरअखेर ५० हजारांचा तपशील दिला, म्हणून नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत कपात सुमारे १० हजारांवर आली. जानेवारीचे ४० हजार लगेच कळवल्यावर शेवटच्या तीन महिन्यांची कपात शून्य झाली. तरीही तीन महिन्यांत ३० हजारच वळते झाले. राहिलेले जवळपास १० हजार विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील. फीचा मोठा हप्ता वर्षाच्या सुरुवातीला गेला तर पगारातून सगळे वसूल होते, शेवटी गेला तर परताव्याची वाट पाहावी लागते.

ज्यांचे उत्पन्न शेतीचे आहे, किंवा ज्या आईला करपात्र उत्पन्नच नाही, त्यांना संपूर्ण टीसीएस परत मिळू शकतो, पण विवरणपत्र भरले तरच. एका वर्षात टीडीएस आणि टीसीएस मिळून २५ हजार रुपये किंवा त्याहून अधिक झाले, की उत्पन्न कितीही कमी असले तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक होते. ज्येष्ठ नागरिकांसाठी हा आकडा ५० हजार आहे. नातवाची फी भरणाऱ्या आजोबांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. पैसे अठरा वर्षांवरच्या मुलाच्याच खात्यातून गेले, तर टीसीएस मुलाच्या पॅनवर जमा होतो. वडिलांना तो आपल्या करात वळता करून घेता येत नाही, मुलालाच विवरणपत्र भरून मागावा लागतो. पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल तर दर आणखी चढतो, म्हणून ते काम आधीच उरकलेले बरे.

टीसीएस कापला गेला हे खातेपुस्तकात लगेच दिसते, पण कर खात्याच्या नोंदीत लगेच दिसत नाही. बँक दर तिमाहीला विवरण भरते आणि त्यानंतर ती रक्कम पालकाच्या करपत्रकात व वार्षिक माहितीपत्रकात उमटते. ऑगस्टची कपात १५ ऑक्टोबरपर्यंतच्या विवरणात येते, तर जानेवारीची १५ मेपर्यंतच्या विवरणात. बँक टीसीएसचे प्रमाणपत्रही देते. ते मागून घ्यावे आणि खात्यातून गेलेली रक्कम, प्रमाणपत्रातली रक्कम व करपत्रकातली रक्कम ताडून पाहावी. तिन्हींत फरक असेल किंवा पॅनचा एखादा अंक चुकला असेल, तर दुरुस्ती बँकेलाच करावी लागते. आयकर कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही.

वार्षिक माहितीपत्रकात परदेशी गेलेली रक्कमही दिसते. विवरणपत्रातले उत्पन्न ८ लाख आणि बाहेर गेले २८ लाख, असे असेल तर पैसे कोठून आले हे विचारले जाऊ शकते. मुदतठेव मोडल्याची पावती, जमीन विक्रीचा दस्त, आजोबांनी दिलेल्या रकमेची बँक नोंद असे कागद फीच्या पावत्यांबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावेत. आणि जानेवारी ते मार्चमध्ये फीचा हप्ता गेला असेल, तर त्याची नोंद करपत्रकात दिसेपर्यंत विवरणपत्र भरण्याची घाई करू नये.