वादग्रस्त मृत्युपत्र आणि कॅव्हेट

घरातील कर्ता पुरुष निवर्ततो. दिवसकार्य आटोपते आणि मग वारसांपैकी एकजण मृत्युपत्र पुढे करतो. इतरांना ते त्या वेळीच प्रथम दिसते. सही वडिलांचीच आहे काय, सही करताना ते शुद्धीवर होते काय, अशा शंका मनात येतात. परंतु कुटुंबाची शोभा नको म्हणून कोणी काही बोलत नाही. काही महिन्यांनी कळते की न्यायालयातून त्या मृत्युपत्राचा प्रोबेट निघाला आहे आणि गावी सात-बाराच्या उताऱ्यावर एकाच भावाचे नाव लागले आहे. आपले म्हणणे कोणी ऐकलेच नाही, ही अशा वारसाची तक्रार असते. ती वेळ येऊ नये यासाठी कायद्याने एक साधा उपाय ठेवला आहे. तो म्हणजे कॅव्हेट.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असून कायद्याप्रमाणे केलेले आहे, असा सक्षम न्यायालयाने दिलेला दाखला. तो एकदा मिळाला की मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल त्याच पक्षकारांना पुन्हा वाद घालणे फार कठीण जाते. म्हणून हरकत घ्यावयाची ती प्रोबेट निघण्यापूर्वीच घेणे इष्ट असते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या कलम २८४ अन्वये हितसंबंधी व्यक्तीला न्यायालयात कॅव्हेट दाखल करता येते. त्याचा मसुदा अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत दिलेला असून तो अवघ्या काही ओळींचा आहे. अमुक गावी राहणारी, अमुक तारखेस अमुक ठिकाणी मृत्यू पावलेली जी व्यक्ती, तिच्या मालमत्तेच्या बाबतीत आपणास नोटीस दिल्याखेरीज काहीही करू नये, एवढाच त्याचा आशय. कलम २८५ प्रमाणे अशी नोंद झाल्यानंतर कॅव्हेट देणाऱ्यास नोटीस गेल्याखेरीज प्रोबेटच्या अर्जावर पुढील कार्यवाही करता येत नाही.

नोटीस तर येतेच, मग कॅव्हेट कशाला?

प्रोबेटच्या अर्जात मृताच्या वारसांची नावे व पत्ते द्यावे लागतात आणि संमती न दिलेल्या वारसांना न्यायालयामार्फत नोटीस काढली जाते, हे खरे. तथापि ही नावे आणि पत्ते अर्जदारानेच पुरविलेले असतात. लग्न होऊन दूर गेलेल्या बहिणीचा पत्ता जुना दिला गेला, किंवा तिचे नावच गळाले, तर नोटीस तिच्यापर्यंत पोचत नाही. कॅव्हेटचे महत्त्व यात आहे की त्यावरील पत्ता हरकतदाराने स्वतः दिलेला असतो.

एक उदाहरण

समजा, दादर येथे राहणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ ४ मार्च रोजी वारले. पत्नी आधीच निवर्तलेली. मागे दोन मुलगे आणि नाशिकला राहणारी एक विवाहित मुलगी. मालमत्तेत दादरची सदनिका आणि सातारा जिल्ह्यातील एका गावी त्यांनी स्वतः विकत घेतलेली शेतजमीन. एप्रिलमध्ये थोरल्या मुलाने मृत्युपत्र दाखविले. त्यात सर्व मालमत्ता त्यालाच दिली होती. त्यावरील तारीख वडील रुग्णालयात असतानाची होती.

पहिला प्रश्न असा की, मुलीला कॅव्हेट देण्याचा अधिकार आहे काय? मृत्युपत्र रद्द ठरले तर आपणास वारसाहक्काने काही मिळते काय, ही त्याची साधी कसोटी. येथे मृत्युपत्र टिकले नाही तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मुलीला एक-तृतीयांश हिस्सा मिळतो. म्हणजे तिचा हितसंबंध उघड आहे. याउलट, ही जमीन मृताची नव्हतीच, ती माझी आहे, असे म्हणणाऱ्या त्रयस्थाला येथे स्थान नाही. प्रोबेट देणारे न्यायालय मालकीचा निर्णय करीत नाही, मृत्युपत्र खरे की खोटे एवढेच पाहते. बिर्ला घराण्यातील मृत्युपत्राच्या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला आहे. अशा त्रयस्थाने दिवाणी दावा लावावयाचा असतो.

दुसरा प्रश्न, कॅव्हेट कोठे द्यावयाचे? मृत व्यक्ती जेथे राहत होती किंवा जेथे तिची मालमत्ता आहे तेथील जिल्हा न्यायालयाला प्रोबेट देण्याचा अधिकार असतो आणि उच्च न्यायालयालाही तो असतो. या उदाहरणात अर्ज मुंबईस उच्च न्यायालयात होऊ शकतो, तसाच साताऱ्यासही होऊ शकतो. एका न्यायालयातील कॅव्हेटची खबर दुसऱ्याला आपोआप लागेल असे धरून चालता येत नाही. म्हणून मुलीने दोन्ही ठिकाणी कॅव्हेट दाखल करणे शहाणपणाचे ठरते. अर्ज होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तो होण्यापूर्वीही कॅव्हेट देता येते.

आठ दिवसांची मुदत

पुष्कळांची चूक होते ती यानंतर. कॅव्हेट दिले म्हणजे काम संपले, असे ते समजतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या नियमांप्रमाणे नोटीस मिळालेल्या व्यक्तीने १४ दिवसांत कॅव्हेट द्यावयाचे असते आणि कॅव्हेट दिल्यापासून ८ दिवसांत त्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र दाखल करावयाचे असते. प्रोबेटचा अर्ज होण्यापूर्वीच कॅव्हेट दिले असेल तर अर्ज आल्यावर कार्यालयाकडून नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून ८ दिवस मोजले जातात. उदाहरणातील मुलीला अशी नोटीस १८ जूनला मिळाली, तर २६ जूनपर्यंत प्रतिज्ञापत्र जावयास हवे. ते न गेल्यास कॅव्हेट निष्फळ ठरते आणि प्रोबेटचा मार्ग मोकळा होतो.

प्रतिज्ञापत्रात दोन गोष्टी स्पष्ट लिहावयाच्या असतात: आपले नाते व हितसंबंध कोणता, आणि हरकतीची कारणे कोणती. 'मृत्युपत्र खोटे आहे' एवढे वाक्य पुरेसे नाही. वडील त्या तारखेस कोणत्या रुग्णालयात होते, त्यांची प्रकृती कशी होती, साक्षीदार कोण व त्यांचा थोरल्या मुलाशी काय संबंध, मुलीला व धाकट्या मुलाला वगळण्याचे काही कारण मृत्युपत्रात दिले आहे काय, हा तपशील त्यात यावा. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार असावे लागतात आणि संशयास्पद परिस्थिती असल्यास तिचे निरसन करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितले आहे. मात्र फसवणूक किंवा दडपण झाल्याचा आरोप करणाऱ्याने तो स्वतः सिद्ध करावा लागतो. प्रतिज्ञापत्र दाखल झाले की अर्जाला दाव्याचे स्वरूप येते. अर्जदार वादी होतो, हरकतदार प्रतिवादी होतो आणि साक्षीपुरावा घेऊन निर्णय होतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खालील कॅव्हेट ९० दिवसांनी संपते. त्या कॅव्हेटची आणि उत्तराधिकार अधिनियमाखालील कॅव्हेटची गल्लत करू नये. कलम २८४ मध्ये अशी दिवसांची मर्यादा घातलेली नाही. तरीही पत्ता बदलल्यास तो न्यायालयास कळविणे आवश्यक आहे. कारण नोटीस जाते ती दिलेल्या पत्त्यावरच.

गावच्या दप्तरातील हरकत

न्यायालयातील कॅव्हेटमुळे गावचा फेरफार थांबत नाही. मुंबई शहराच्या हद्दीतील मालमत्तेच्या मृत्युपत्रांना पूर्वी प्रोबेट सक्तीचा होता. त्यासंबंधीचे कलम २१३ संसदेने २०२५ मध्ये वगळले. मृत्युपत्राच्या आधारे प्रोबेटशिवाय थेट नोंद मागण्याचे प्रमाण यामुळे वाढू शकेल. म्हणून जमिनीच्या बाबतीत वेगळी दक्षता घ्यावी लागते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यात फेरफारासाठी 'कॅव्हेट' असा शब्द नाही. तेच काम कलम १५० खालील हरकत करते. मृत्युपत्राची वर्दी आल्यावर तलाठी, म्हणजे आजचे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतात, तिची प्रत चावडीवर लावतात आणि हितसंबंधितांना नोटीस देतात. हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली की ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-अ मध्ये, दाखल करून तिची लेखी पोच द्यावी लागते. त्यानंतर दोन्ही बाजूंना ऐकून घेतल्याखेरीज नोंद प्रमाणित करता येत नाही.

उदाहरणातील मुलीने एप्रिलमध्येच मृत्यूचा दाखला व नात्याचा पुरावा जोडून तलाठी व मंडल अधिकारी यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. परंतु नोंद धरण्यापूर्वी दिलेल्या अर्जावर विसंबून राहू नये. सात-बारावर तिचे नाव नसल्यामुळे नोटीस चुकण्याचा संभव असतो. म्हणून 'आपली चावडी' या संकेतस्थळावर त्या गावचे प्रलंबित फेरफार वरचेवर पाहावेत. १२ मे रोजी नोंद धरल्याचे आढळले, तर नोटिशीच्या मुदतीत फेरफार क्रमांक लिहून पुन्हा हरकत द्यावी. इतके करूनही नोंद प्रमाणित झाली, तर आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते.

कॅव्हेटने काय होत नाही

कॅव्हेट किंवा हरकत म्हणजे मनाई हुकूम नव्हे. त्यामुळे सुनावणीचा हक्क मिळतो. निकाल आपल्या बाजूने लागेलच असे नाही. थोरला मुलगा जमीन विकण्याच्या खटपटीत असेल तर त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मागावा लागतो. तसेच फेरफार प्रमाणित झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असेही नाही. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही व वादग्रस्त मृत्युपत्रावर हक्क सांगणाऱ्याने तो दिवाणी न्यायालयातून ठरवून घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

वेळ टळून प्रोबेट निघालाच असेल, तरीही मार्ग अगदीच बंद होत नाही. ज्याला नोटीस देणे आवश्यक होते त्याला ती दिली नाही, किंवा मृत्युपत्र बनावट होते, अशा कारणांवरून कलम २६३ खाली प्रोबेट रद्द करून मागता येतो. मात्र तेव्हा दिलेला आदेश फिरवून घेण्याचे ओझे हरकतदारावर येते. कॅव्हेट वेळेवर दिले असते, तर मृत्युपत्र सिद्ध करण्याचे ओझे आधी ते पुढे करणाऱ्यावर राहिले असते.