चोरीला गेलेला माल, विम्याचा दावा आणि नामंजूर झालेली रक्कम

दुकान फोडून माल नेला की मालक पोलिसांत तक्रार देतो, विमा कंपनीला कळवतो, आणि वह्यांचं काम वर्षअखेरीवर ढकलतो. पण मोठा घोळ होतो तो वह्यांतच.

हिशेबापुरतं एक कापड दुकान घेऊ. चोरीच्या दिवशी दुकानात खरेदी किमतीने १० लाखांचा माल होता. त्यातला २ लाखांचा गेला. ही नोंद केलीच नाही, तर वर्षअखेरीला शिल्लक माल २ लाखांनी कमी दिसतो आणि तेवढा माल विकून संपला असं व्यापार खातं धरून चालतं. विक्री मात्र वाढलेली नसते. मग ढोबळ नफ्याचं प्रमाण अचानक घसरतं, आणि धंदा बरा चालला असताना असं का झालं ते कुणाला सांगता येत नाही. म्हणून चोरीचा माल खरेदी खात्यातून बाहेर काढायचा: चोरीमुळे नुकसान खाते नावे, खरेदी खाते जमा. रक्कम खरेदी किमतीची, लेबलवरच्या विक्री किमतीची नव्हे.

जीएसटीही इथेच येतो. चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं लागतं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५) तसं सांगतं. ५ टक्क्यांनी हे १०,००० रुपये होतात. तेही नुकसान खात्यातच नावे पडतात, म्हणजे एकूण नुकसान २,१०,०००.

आता दावा. मालकाने २ लाख मागितले. मंजूर झाले १,६०,०००. त्याला वाटतं, आपल्यावर अन्याय झाला. पण पॉलिसी होती ८ लाखांची आणि माल १० लाखांचा. अशा पॉलिसीत सरासरीचं कलम असेल, तर जेवढ्या प्रमाणात विमा, तेवढ्याच प्रमाणात भरपाई, मग माल थोडाच का गेला असेना. २ लाखांचे आठ-दशांश म्हणजे १,६०,०००. सणासुदीआधी माल भरताना विम्याची रक्कम वाढवली नाही, तर ही कात्री ठरलेली.

दावा केला तेव्हा २ लाख विमा कंपनीच्या नावे आणि नुकसान खात्यात जमा केले असतील, तर निकालानंतर बँक खाते १,६०,००० नावे, नफा-तोटा खाते ४०,००० नावे आणि विमा कंपनीचं खातं २ लाख जमा. नामंजूर ४०,००० पुन्हा खरेदी खात्यात घालायचे नाहीत, आणि "येणे" म्हणून पुढे ओढायचेही नाहीत. ताळेबंद फुगवायची ती नेहमीची जागा आहे.

निकालाआधीच ३१ मार्च आला, तर मात्र मागितलेला सगळा आकडा येणे म्हणून दाखवू नये. मान्य न झालेला दावा अजून मालमत्ता ठरत नाही. आधी सगळं नुकसान दाखवावं आणि भरपाई मंजूर झालेल्या वर्षात जमेला धरावी. दोन्ही वाटांनी दुकानदाराच्या पदरी शेवटी पडलेला तोटा ५०,०००: कंपनीने नाकारलेले ४०,००० आणि कराचे १०,०००.