कॉलनी मोजताना

1975 साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात ब्रूस एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारे 169 हेअर डाय तपासले. त्यांतले 150 जीवाणूंच्या डीएनएमध्ये बदल घडवणारे निघाले. आज ही चाचणी ‘एम्स टेस्ट’ म्हणून ओळखली जाते.

तिच्यासाठी साल्मोनेला जीवाणूचे खास वाण वापरतात. त्यांचे हिस्टिडिन तयार करणारे जनुक बिघडलेले असते, त्यामुळे हे अमिनो आम्ल बाहेरून मिळाल्याशिवाय ते वाढत नाहीत. पातळ अगारमध्ये जीवाणू, तपासायचे रसायन आणि किंचित हिस्टिडिन मिसळून ते प्लेटवर ओततात. तेवढ्या हिस्टिडिनवर जीवाणू काही वेळा विभागतात आणि प्लेटभर पुसटसा थर धरतो. मग हिस्टिडिन संपते. जनुकात नवा बदल होऊन ज्यांची क्षमता परत आली, तेच पुढे वाढतात. 37 अंशांवर दोन दिवस ठेवल्यावर त्यांच्या कॉलनी मोजता येतात.

काही रसायने शरीरात गेल्यावर यकृतातील विकरांमुळे घातक बनतात. जीवाणूंकडे ती विकरे नसतात. म्हणून उंदराच्या यकृताचा ‘एस-9’ नावाचा अर्क घालून आणि न घालून, अशी दोन्ही प्रकारे चाचणी करतात.

रसायन नसले तरी काही कॉलनी येतातच, कारण असे बदल आपोआपही होतात. समजा, टीए-98 या वाणाच्या नुसता द्रावक घातलेल्या तीन प्लेटवर 28, 33 आणि 29 कॉलनी आल्या. सरासरी 30. रसायनाच्या 10 मायक्रोग्रॅमला 38, 50 ला 74, 250 ला 190 आणि 1000 ला 46 कॉलनी आल्या. 38 हा आकडा नेहमीच्या चढउतारात बसतो. 74 मात्र दुपटीहून जास्त आहे आणि मात्रेबरोबर आकडा चढतही गेला आहे. या दोन्ही गोष्टी जुळल्या आणि पुन्हा केलेल्या प्रयोगातही तेच दिसले, तर निकाल सकारात्मक मानतात.

मग 1000 ला घसरण का? प्लेट भिंगाखाली धरली की तो पुसट थर विरळ झालेला दिसतो, म्हणजे रसायनाने जीवाणूच मारले. अशा प्लेटवर कधी टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनीही येतात. त्या फसव्या असतात. बहुतेक जीवाणू मेल्यामुळे उरलेल्यांच्या वाट्याला जास्त हिस्टिडिन येते आणि जनुक बिघडलेलेच असूनही ते डोळ्यांना दिसण्याइतके वाढतात. हिस्टिडिन नसलेल्या प्लेटवर नेल्या तर त्या वाढत नाहीत. मांस किंवा मसाल्यांच्या अर्कात मुळातच हिस्टिडिन असेल, तर तेही आकडा असाच फुगवते.

एस-9 घातलेल्या संचात 2-अमिनोअँथ्रासीनची एक प्लेट हवीच. हे रसायन एस-9 असताना कॉलनी हमखास वाढवते. तिथेही आकडा 30 च्या आसपास राहिला, तर अर्क निकामी झाला असावा. मग नव्या रसायनाच्या प्लेटवर वाढ दिसली नाही म्हणून ते निर्दोष ठरवता येत नाही. उलट, सकारात्मक निकाल हा जीवाणूच्या डीएनएपुरता पुरावा असतो. माणसात त्या रसायनाने कर्करोग होतो का, हे ठरवायला पुढच्या चाचण्या कराव्या लागतात.