अपुऱ्या दिवसांचे मूल आणि कानाच्या दोन परीक्षा

कारखान्यातला टेलिफोन मुका झाला म्हणजे मिस्त्री दोन गोष्टी पाहतो : यंत्र शाबूत आहे काय, आणि तार शाबूत आहे काय. अतिदक्षता विभागातून घरी निघालेल्या अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा कान तपासतानाही हाच भेद करावा लागतो. तो केला नाही, तर ऐकू न येणारे मूल 'पास' ठरून घरी जाते.

पहिल्या परीक्षेला ओएई म्हणतात. कानात लहानशी गुंडी बसवून बारीक आवाज सोडतात. आतल्या कानातील केशपेशी निरोगी असल्या तर मंद प्रतिध्वनी परत येतो. ही यंत्राची परीक्षा झाली. दुसरी परीक्षा बेरा. निजलेल्या मुलाच्या कपाळाला व कानामागे तारा चिकटवून कानात टकटक आवाज देतात, आणि तो मज्जातंतूतून मेंदूच्या देठापर्यंत पोचला की नाही, हे विद्युत्‌लहरींवरून ओळखतात. ही तारेची परीक्षा.

आता समजा, सातपूरच्या एका कामगाराचे मूल तिसाव्या आठवड्यात जन्मले. सहा दिवस व्हेंटिलेटरवर राहिले, आणि कावीळ एवढी चढली की त्याचे रक्त बदलावे लागले. काविळीतील पिवळे द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, फार वाढले की मेंदूत शिरते व ऐकण्याच्या तंतूंना आणि केंद्रांना इजा करते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला तर कमी पातळीवरही हा धोका असतो. केशपेशी मात्र बहुधा वाचतात. म्हणून या मुलाची ओएई चांगली येऊ शकते आणि बेरामध्ये लहरीच उमटत नाहीत. यंत्र चालू, तार तुटलेली!

व्हेंटिलेटर स्वतः कान बिघडवतो असे नव्हे. त्यामागचे दुखणे, ऑक्सिजनची टंचाई आणि जंतुसंसर्गावर दिलेली जेंटामायसिनसारखी औषधे, हे खरे धोके. ही औषधे केशपेशीच मारतात.

म्हणून पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या मुलाची बेरा झालीच पाहिजे, असा आज तज्ज्ञांचा दंडक आहे. ती प्रकृती स्थिरावल्यावर, घरी सोडण्यापूर्वी करतात. लहरी उमटल्या नाहीत तरी लगेच निकाल देऊ नये. काविळीने बिघडलेली बेरा काही मुलांत महिन्यांनी सुधारते. तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे हे महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात.

बेरा पास झाली तरी काम संपत नाही. काहींचे ऐकणे पुढे उतरते. नवव्या महिन्याच्या सुमारास पूर्ण तपासणी पुन्हा करावी. नेमकी हीच खेप रोजंदारी बुडते म्हणून चुकते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. त्याची चौकशी सरकारी रुग्णालयात करावी. आणि घरी निघताना कागदावर नुसते 'कान तपासला' असेल, तर एकच विचारावे : ओएई केली, की बेरा?